झेब्रा पट्टे आणि ड्राफ्ट: इअरबड्सची डबी साच्यातून नीट बाहेर कशी येते?

तुमच्या खिशातली इअरबड्सची डबी काढा आणि ट्यूबलाइटखाली हळूहळू फिरवा. चकचकीत डबी असेल तर ट्यूबची पांढरी रेघ तिच्या अंगावरून सरकताना दिसेल. काही डब्यांवर ही रेघ पाण्यासारखी वाहत जाते. काहींवर ती कोपऱ्याशी आली की अचानक मोडते किंवा एका जागी अडखळते. हाताला काहीच लागत नाही, पण डोळ्याला ती डबी 'स्वस्तातली' वाटते.

आता डबीच्या बाजूची भिंत बारकाईने बघा. तिच्यावर उभ्या, बारीक ओरखड्यांच्या रेघा असतील आणि त्या सगळ्या एकाच दिशेने गेल्या असतील, तर त्या खिशातल्या चाव्यांमुळे पडलेल्या नाहीत. साच्यातून बाहेर येताना प्लॅस्टिक भिंतीला घासलं, त्याच्या त्या खुणा आहेत.

मी प्लॅस्टिकच्या पार्टचं डिझाइन करतो. साचा कापायला देण्याआधी या दोन्ही गोष्टी कॉम्प्युटरवर पकडता येतात. पहिलीसाठी झेब्रा पट्टे, दुसरीसाठी ड्राफ्ट ॲनालिसिस. पण खरी गंमत पुढे आहे. या दोन तपासण्या एकाच भिंतीवर एकमेकींशी भांडतात. एक डबी घेऊन हे भांडण कसं होतं आणि कसं मिटतं ते बघूया.

आपली डबी

समजा डबी ६० मिमी लांब आणि ४६ मिमी रुंद आहे. वर झाकण, खाली तळाचा भाग. आपण फक्त तळाचा भाग घेऊ. त्याची उंची २२ मिमी, मटेरियल एबीएस. स्टायलिस्टला ती नदीतल्या गुळगुळीत गोट्यासारखी हवी आहे. म्हणजे झाकणापासून तळापर्यंत एकच वाहता आकार, मध्ये फक्त उघडण्याची बारीक फट.

असा आकार उभा कापून बघितला, तर बाजूची भिंत फटीपाशी अगदी उभी असते आणि तिथून खाली हलकीच आत वळत जाते. ही भिंत ३०० मिमी त्रिज्येच्या कमानीची आहे असं धरू, म्हणजे जवळजवळ सपाट, किंचित फुगीर. वरचे १४ मिमी अशी भिंत आणि खालच्या ८ मिमीमध्ये तळाकडे वळणारा गोल कोपरा.

साचा आणि कुल्फी

इंजेक्शन मोल्डिंगमध्ये स्टीलच्या साच्याचे दोन मुख्य भाग असतात. बाहेरचा पृष्ठभाग घडवणारा खोलगट भाग म्हणजे कॅव्हिटी, आणि आतली पोकळी घडवणारा उंचवटा म्हणजे कोअर. दोन्ही मिटतात, मधल्या जागेत वितळलेलं प्लॅस्टिक दाबाने भरलं जातं, ते गार झालं की साचा सरळ रेषेत उघडतो. पार्ट कोअरला धरून राहतो आणि मग इजेक्टर पिना त्याला ढकलून बाहेर काढतात. दोन भाग जिथे मिटतात, ती पार्टिंग लाइन. आपल्या डबीत ती वरच्या काठाशी, झाकणाच्या फटीपाशी आहे.

कुल्फीचा साचा निमुळता का असतो? कुल्फी काडीला धरून ओढली की पहिल्या क्षणी ती सगळ्या बाजूंनी एकदम सुटते. पुढे कुठेच घासत नाही. तोच साचा सरळ नळीसारखा असता, तर कुल्फी शेवटपर्यंत भिंतीला घासत आली असती. भिंतीच्या या निमुळतेपणाचा कोन म्हणजे ड्राफ्ट. साचा ज्या दिशेने उघडतो ती दिशा आणि भिंत यांच्यातला हा कोन.

किती ड्राफ्ट लागतो? गुळगुळीत, चकचकीत भिंतीला साधारण १ अंश तरी ठेवतात. भिंतीवर मॅट टेक्श्चर असेल तर जास्त लागतो. सर्वसाधारण नियम असा, की टेक्श्चरच्या दर ०.०२५ मिमी खोलीला आणखी १ ते १.५ अंश.

यामागचं कारण सोपं आहे. टेक्श्चर म्हणजे स्टीलवर कोरलेले बारीक खड्डे. प्लॅस्टिक त्या खड्ड्यांत शिरतं. पार्ट सरळ वर ओढला, तर प्रत्येक दाणा आपल्या खड्ड्याच्या काठाला घासतो. खड्डे ०.०५ मिमी खोल आहेत असं धरा. भिंतीला ३ अंश ड्राफ्ट असेल, तर पार्ट १ मिमी सरकताच भिंतीपासून ०.०५२ मिमी लांब जातो, म्हणजे दाणे खड्ड्यांतून पूर्ण सुटले. ड्राफ्ट १ अंश असेल, तर तेवढं सुटायला जवळजवळ ३ मिमी सरकावं लागतं. तोपर्यंत दाणे घासत राहतात. त्याच त्या उभ्या रेघा.

ड्राफ्ट ॲनालिसिस चालवूया

सॉलिडवर्क्समध्ये `Draft Analysis`, फ्यूजनमध्येही `Draft Analysis`, रायनोमध्ये `DraftAngleAnalysis`. नाव कोणतंही असो, विचारतात दोनच गोष्टी: साचा कोणत्या दिशेने उघडतो, आणि किमान कोन किती हवा.

सॉलिडवर्क्सचे नेहमीचे रंग असे: हिरवा म्हणजे या बाजूने पुरेसा ड्राफ्ट, लाल म्हणजे उलट्या दिशेचा ड्राफ्ट, पिवळा म्हणजे कोन अपुरा. इथे नवशिके एका गोष्टीने दचकतात. लाल म्हणजे चूकच असं नाही. जो पृष्ठभाग कॅव्हिटी सोडणार आणि जो कोअर सोडणार, त्यांचे रंग वेगळेच यायला हवेत. काळजीची गोष्ट म्हणजे पिवळा, किंवा हिरव्या भागाच्या मध्येच आलेला लाल.

आपल्या डबीवर १ अंश टाकून बघितलं, तर तळ आणि कोपरा ठीक दिसतात, पण वरच्या काठाशी एक पिवळी पट्टी येते. तिची रुंदी हाताने काढता येते. कमानीवर काठापासून `h` इतकं खाली गेलं, तर तिथला ड्राफ्टचा कोन असा मिळतो:

```
sin(कोन) = h / R
```

`R` ३०० मिमी आहे. १ अंश मिळायला ५.२ मिमी खाली जावं लागतं. म्हणजे काठाजवळचे ५.२ मिमी पिवळे. आता किमान कोन ३ अंश करा. तेवढा मिळायला १५.७ मिमी खाली जावं लागेल, पण आपली भिंत १४ मिमीच आहे. तिच्या खालच्या टोकाला कोन फक्त २.७ अंशांपर्यंत पोचतो. परिणाम: पूर्ण भिंत पिवळी.

हीच डबी अधिक गोलसर असती, समजा त्रिज्या ३० मिमी, तर १ अंश अर्ध्या मिमीतच मिळाला असता आणि कुणाचं लक्षही गेलं नसतं. म्हणून 'जवळजवळ सपाट, किंचित फुगीर' भिंत सगळ्यात फसवी. दिसायला ती वळलेली असते, पण काठाशी तिचा ड्राफ्ट शून्यच असतो.

साचा कापून झाल्यावर हे सुधारता येत नाही का? येतं, पण किंमत मोजून. कॅव्हिटीत स्टील आणखी कापून भिंत १ अंशाने कलती करता येईल. तळ आहे तिथेच ठेवला, तर २२ मिमी उंचीवर काठ प्रत्येक बाजूने ०.३८ मिमी बाहेर येईल. पण झाकणाचा साचा तर जुन्या मापाचाच आहे. मग डबी मिटली की काठ झाकणाबाहेर डोकावतो आणि नखाला लागतो. काठ तसाच ठेवून तळ आत घ्यायचा, तर कॅव्हिटीत स्टील कापायचं नसून भरायचं आहे, म्हणजे वेल्डिंग आणि पुन्हा पॉलिश. म्हणून ही पिवळी पट्टी स्क्रीनवरच संपवायची असते.

झेब्रा पट्टे काय दाखवतात

आता दुसरी तपासणी. सॉलिडवर्क्समध्ये `Zebra Stripes`, फ्यूजनमध्ये `Zebra Analysis`, रायनोमध्ये `Zebra`. सॉफ्टवेअर अशी कल्पना करतं की पार्ट आरशासारखा चकचकीत आहे आणि त्याच्याभोवती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची खोली आहे. त्या पट्ट्यांचं प्रतिबिंब पार्टवर उमटतं. गाड्यांच्या कारखान्यात रंगवलेली बॉडी ट्यूबलाइटच्या रांगांखाली तपासतात, त्याच युक्तीचा हा कॉम्प्युटरवरचा अवतार.

दोन पृष्ठभाग जिथे जुळतात तिथे पट्टे तीन प्रकारे वागू शकतात.

- पट्टा तुटतो आणि पलीकडे दुसरीकडूनच सुरू होतो. पृष्ठभाग एकमेकांना फक्त टेकलेत, मध्ये धार आहे. याला `G0` म्हणतात.
- पट्टा जुळतो, पण त्या रेषेवर कोपर पडल्यासारखा वाकतो. पृष्ठभागांची दिशा जुळली आहे, वळणाचा वेग नाही. हे `G1`.
- पट्टा न अडखळता वाहत जातो. दिशाही जुळली, वळणाचा वेगही जुळला. हे `G2`.

असं का होतं? प्रतिबिंब कुठे दिसणार हे पृष्ठभाग कोणत्या दिशेला तोंड करून आहे यावर ठरतं. ती दिशा एकदम बदलली, तर प्रतिबिंब उडी मारतं. दिशा तीच राहिली पण ती बदलण्याचा वेग एकदम बदलला, तर प्रतिबिंब उडी मारत नाही, वाकतं. म्हणजे पृष्ठभागातला दोष प्रतिबिंबात एक पायरी वर चढून, जास्त ठळक दिसतो. बोटाला `G1` जोड अगदी गुळगुळीत लागतो, पण डोळा तो पकडतो.

आपल्या डबीत भिंत ३०० मिमी त्रिज्येची आणि कोपरा ८ मिमी त्रिज्येचा. साधा गोल फिलेट टाकला, तर त्या सीमारेषेवर वळण्याचा वेग एका झटक्यात ३७ पटींहून जास्त वाढतो. रस्ता सरळ आहे आणि मध्येच कुणीतरी स्टिअरिंग गच्चकन फिरवलं, तसं. झेब्रा लावला की तिथे प्रत्येक पट्टा वाकलेला दिसतो. उपाय म्हणजे साधा फिलेट न वापरता `G2` जोडणी करणारा फिलेट वापरणं. सॉलिडवर्क्समध्ये `Curvature Continuous`, फ्यूजनमध्ये `Curvature (G2)` असा पर्याय असतो. असा फिलेट वळण हळूहळू चढवतो आणि त्यासाठी भिंतीची थोडी जास्त जागा खातो.

यात एक फायदाही आहे. वळण वरूनच सुरू झाल्यामुळे भिंतीच्या खालच्या भागात ड्राफ्ट आपोआप वाढतो. पण काठाशी मात्र शून्य तो शून्यच.

भांडण कुठे होतं

पिवळी पट्टी घालवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे सॉफ्टवेअरमधलं ड्राफ्टचं टूल घेऊन भिंत कलती करणं. एका मिनिटाचं काम, आणि भिंत लगेच हिरवी. पण आता झेब्रा लावा. भिंत कलली, तिच्याखालचा कोपरा मात्र जुन्या भिंतीसाठी बनवलेला होता. आपण कष्टाने जमवलेली `G2` जोडणी तुटली आणि पट्टे पुन्हा मोडले. कोपरा नीट करायला गेलं की भिंतीचा आकार हलतो आणि पिवळा परत येतो. हे चक्र रात्रभर चालू शकतं.

म्हणून मी ड्राफ्ट शेवटी चिकटवत नाही. ज्या रेषेतून भिंत आणि कोपरा दोन्ही जन्माला येतात, ती उभ्या छेदाची रेषाच बदलतो. काठाशी ती रेषा अगदी उभी सुरू होत होती, ती १ अंश आत कलवून सुरू करायची. पुढची कमान तीच आणि कोपरा त्याच रेषेतून पुन्हा तयार करायचा. मग काठाशी १ अंश आणि भिंतीच्या खालच्या टोकाला सुमारे ३.७ अंश मिळतात. १४ मिमीच्या भिंतीत तळाकडची बाजू फक्त ०.२४ मिमी आत सरकते. दोन्ही बाजू मिळून अर्धा मिमी. हे कुणाच्या डोळ्याला कळत नाही.

पण फटीपाशी काय झालं ते बघायला हवं. झाकणाचीही तीच अडचण होती, म्हणून त्यालाही उलट्या दिशेने १ अंश दिला. आता झाकण आणि तळ एका वाहत्या रेषेत नाहीत. फटीवर त्यांच्यात २ अंशांची मोड आली. प्रकाश परावर्तित होताना कोनातला फरक दुप्पट होतो, म्हणून प्रतिबिंब ४ अंशांनी सरकतं. दोन्ही भाग एकत्र ठेवून झेब्रा लावला की फट ओलांडताना पट्टा उडी मारलेला दिसतो. स्टायलिस्टला हवा असलेला गोटा इथे थोडा मोडला.

तोडगा

इथे पृष्ठभागाचं फिनिश ठरवणं महत्त्वाचं ठरतं, आणि सुदैवाने ते आपल्या बाजूने काम करतं.

डबी चकचकीत असेल, तर प्रतिबिंब स्पष्ट दिसतं, पण ड्राफ्ट १ अंश पुरतो. मोड २ अंशांची, आणि ती नेमकी फटीवर येते. तिथे दोन्ही काठ जरासे गोल केलेले असतात, मध्ये बारीक सावलीही असते. पट्ट्याची उडी त्या सावलीत बरीचशी लपते.

डबी मॅट असेल, तर ०.०५ मिमी खोल टेक्श्चरसाठी ३ अंश हवेत. झाकण धरून मोड ६ अंशांची आणि प्रतिबिंबाची उडी १२ अंशांची होईल. पण मॅट पृष्ठभागावर प्रतिबिंबच मुळात धूसर असतं. तिथे उडी मारायला स्पष्ट रेघच नसते. म्हणजे जिथे ड्राफ्ट जास्त लागतो, तिथे प्रतिबिंब कमी दिसतं.

मॅटची खरी अडचण आतमध्ये आहे. ३ अंशांनी १४ मिमीच्या भिंतीत प्रत्येक बाजू ०.७३ मिमी आत जाते, दोन्ही मिळून जवळजवळ दीड मिमी. भिंतीची जाडी कायम ठेवायची, म्हणजे बॅटरीची जागा तेवढी कमी होते. बॅटरी काठोकाठ बसवलेली असेल तर टेक्श्चर उथळ घ्यावं. ०.०२५ मिमी खोलीचं टेक्श्चर २ ते २.५ अंशांत बसतं.

सगळ्यात वाईट म्हणजे फिनिश उशिरा बदलणं. चकचकीत धरून १ अंशावर साचा कापला आणि नंतर कुणीतरी म्हणालं 'मॅट करूया', तर उभ्या रेघा ठरलेल्याच. म्हणून किमान कोनाचा आकडा टाकण्याआधी मी फिनिश लेखी मागून घेतो.

या तपासण्यांना काय दिसत नाही

झेब्रा माप देत नाही, फक्त दाखवतो. एकाच कोनातून बघितलं तर वाकलेला पट्टाही सरळ भासू शकतो, म्हणून पार्ट सतत फिरवत बघायचा. आधी रुंद पट्टे, मग बारीक. पट्टे करवतीच्या दात्यांसारखे दिसले, तर आधी डिस्प्लेची क्वालिटी वाढवा. दोष पृष्ठभागात नसून स्क्रीनवरच्या जाळीत असू शकतो. शिवाय झेब्राला साच्यातलं वास्तव कळत नाही. भिंतीच्या मागे जाड रिब असेल तर बाहेर खळगा पडतो, आणि तो झेब्रामध्ये दिसत नाही. म्हणून एबीएसमध्ये रिबची जाडी भिंतीच्या ५० ते ६० टक्के ठेवतात.

ड्राफ्ट ॲनालिसिस फक्त प्रत्येक जागेचा कोन बघतं. वाटेत दुसरं काही आडवं येतंय का, हे बघत नाही. आतल्या एखाद्या हुकाखालची जागा हिरवी दिसेल, पण वरचा हुकच तिला अडवत असेल. त्यासाठी सॉलिडवर्क्समध्ये `Undercut Analysis` वेगळं आहे. चार्जिंगच्या पोर्टचंही तसंच. ते भोक बाजूच्या भिंतीत आहे, त्यामुळे उभ्या दिशेने तपासलं की तिथे पिवळा-लाल गोंधळ दिसतो. तिथे भिंत कलवायची नसते. ते भोक बाजूला सरकणाऱ्या स्लायडरने घडतं, म्हणून त्याच्यासाठी दिशा बदलून वेगळी तपासणी करायची.

आतली बाजूही विसरायची नाही. एबीएस गार होताना साधारण अर्धा टक्का आकसतं. त्यामुळे पार्ट कॅव्हिटीपासून जरा सुटतो, पण कोअरला मात्र घट्ट आवळतो. आत ड्राफ्ट कमी असेल तर इजेक्टर पिना जोर लावतात, आणि पिनांच्या जागी बाहेरून पांढुरके डाग दिसतात.

माझा क्रम

१. फिनिश आणि टेक्श्चरची खोली नक्की करा. त्यावरून किमान कोन ठरतो.
२. साचा उघडण्याची दिशा आणि पार्टिंग लाइन ठरवा.
३. उभ्या छेदाच्या रेषेतच ड्राफ्ट द्या. मग ड्राफ्ट ॲनालिसिस, बाहेरून आणि आतून.
४. `G2` कोपरे करा, झेब्रा लावा, झाकण आणि तळ एकत्र ठेवूनही बघा.
५. झेब्रा बघून काहीही बदललं, अगदी एक फिलेट जरी, तर ड्राफ्ट पुन्हा तपासा.

पाचवी पायरी घाईत सगळ्यात आधी गळते. शेवटच्या दिवशी हलवलेला एक कोपरा काठाजवळ तीन मिमीची पिवळी पट्टी परत आणू शकतो, आणि टूलरूम दिलेल्या फाइलप्रमाणेच स्टील कापते.